पहाटे साडेपाचच्या शेती कार्यक्रमाला नाव काय द्यावं?

खानापूरची ताई
नमस्कार मंडळी. आमच्या खानापूर तालुक्यात सामुदायिक रेडिओ चालू होतोय आणि पहाटे साडेपाच ते सहा शेतकऱ्यांचा कार्यक्रम ठेवलाय. हवामान, फवारणी, जनावरं, आणि गावातल्याच माणसांचा आवाज. नावावरनं समितीत अडलंय. चार नावं उरलीत: कृषी संवाद, झुंजुमुंजू, तांबडं फुटलं आणि रानगप्पा. अट एकच, एकदा कानावर पडलं की लक्षात राहिलं पाहिजे, कारण ऐकणाऱ्याला ते कुठं लिहिलेलं दिसणार नाही. तुम्हाला कुठलं योग्य वाटतं आणि का?

पलूसचा मास्तर
झुंजुमुंजू. दुसरा विचारच करू नका. पहाटेची नेमकी तीच वेळ त्या शब्दात आहे, अंधार पुरता गेला नाही आणि उजेड पुरता आला नाही, आणि आपल्याकडं म्हातारी माणसं अजून "झुंजुमुंजू झालं, उठा आता" असंच म्हणतात. शिवाय शब्दाला स्वतःचा ताल आहे, झुंजू मुंजू, लहान पोर सुद्धा एकदा ऐकून म्हणत बसतं. कृषी संवाद हे तर एखाद्या खात्याच्या पत्रकाचं नाव वाटतं.

तासगाव बागायतदार
माझं मत वेगळं आहे, नावानं काय होत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यात असते तेव्हा पहाटे उठल्या उठल्या मला एकच गोष्ट पाहिजे असते, आज पाऊस येतोय का, दव पडलंय का, पान किती वेळ ओलं राहणार, कारण त्यावर डाऊनीचा स्प्रे घ्यायचा का थांबायचं ते ठरतं. हे जो रेडिओ मला रोज त्याच मिनिटाला सांगेल तो मी लावणार, नाव काय का असेना. आमच्या वडलांना आकाशवाणी सांगलीवरच्या कार्यक्रमांची नावं विचारली तर सांगता यायची नाहीत, पण कुठली धून वाजली की काय लागणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून सांगतो, समितीचा वेळ धून आणि टायमिंगवर घालवा.

डेअरीवाला भाऊ
ताई कृषी संवादला माझा विरोध आहे आणि तो अनुभवावरनं आहे. आमच्या दूध संकलनावर पहाटे रेडिओ चालूच असतो. मागं एकदा आम्ही गटाच्या एका ऑडिओला साधारण असलंच नाव दिलतं, कृषी म्हणून सुरू होणारं, आणि मी ते स्पीकरवर लावलं. रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. विचारलं तर म्हणाल्या "ऋषींचं काहीतरी लागलंय न्हवं". एक तर पहाटेची वेळ, त्या वेळेला सगळीकडं भक्तिगीतंच चालू असतात, त्यात कृषीचा क गेला खरखरीत, राहिलं ऋषी. पुढं संवाद म्हटलं की झालंच प्रवचन. माणसं वाईट म्हणत नाहीत, आदरानं ऐकतात, पण शेतीचं म्हणून कुणी ऐकत नाही.

मिरजेचा रेडिओवाला
भाऊंनी अगदी मुद्द्याचं सांगितलं. मी बरीच वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलंय, त्यामुळं हे जरा सविस्तर लिहितो.

पहाटे तुमचा कार्यक्रम कुठं ऐकला जाणार ते आधी डोळ्यापुढं आणा. गोठ्यात धार चालू आहे, शेजारी कडबा कुट्टी फिरतेय, नाहीतर मिल्किंग मशीनची घरघर आहे, वर पत्रा, आणि रेडिओ म्हणजे खांबाला अडकवलेला तळहाताएवढा डबा. त्या डब्याचा स्पीकर एवढासा असतो, त्याला खालचा जाड आवाज काढताच येत नाही. आणि जो थोडा निघतो तो मशीनची घरघर खाऊन टाकते. म्हणजे आवाजाची खालची बाजू गेली.

आता वरची बाजू बघा. एफएमला सिग्नल कमी पडला की जी खरखर येते ती वरच्या पट्टीत जास्त असते आणि स, श, ष, फ ही अक्षरं पण तिथंच राहतात. तुम्ही स म्हणा आणि लांबच्या वस्तीवर खरखर ऐका, दोन्ही सारखंच वाटतं. त्यामुळं केंद्राजवळ स्पष्ट ऐकू येणारं कृषी संवाद दहा किलोमीटरवरच्या वस्तीवर "रु... ई ...वाद" होऊन पोचतं. सामुदायिक रेडिओला साधारण शंभर वॅटची ताकद आणि तीस मीटरपर्यंत टॉवर मिळतो, आणि आपल्याकडं मध्ये डोंगर आला की पलीकडं काहीच नाही. म्हणजे तुमचे निम्मे ऐकणारे कडेलाच असणार, आणि नाव त्या कडेच्या माणसासाठी निवडायचं.

मग टिकतं काय तर आ. तोंड उघडं असतं, आवाज मोठा निघतो, ना फार खाली ना फार वर. शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण आपोआप शेवट आ नाहीतर ओ वर ताणतो, त्याचं कारण तेच. या हिशेबानं चौघांत रानगप्पा सगळ्यात दणकट आहे. सुरुवातीला रा, शेवटी प्पा, आणि तो जोड प म्हणजे क्षणभर आवाज बंद होऊन एकदम फुटतो, घरघरीत सुद्धा तो ठोका कानाला कळतो.

झुंजुमुंजू मला माणूस म्हणून फार आवडतं पण मास्तर, त्यात चारी उ आहेत आणि दोन अनुस्वार. उ तोंड मिटत आणून म्हणायचा स्वर, त्याचा बराचसा जोर खालच्या पट्टीत, म्हणजे बारक्या स्पीकरवर तोच आधी मरतो. झ आणि ज पण एकमेकांत मिसळतात. घरी करून बघा, मोबाईलवर रेकॉर्ड करा, मिक्सर चालू ठेवून दुसऱ्या खोलीतनं कुणाला तरी ऐकवा.

पलूसचा मास्तर
रेडिओवाले, मिक्सर लावून बघितलं, सौ. ना ऐकवलं. तिनं "झुंजू काहीतरी" एवढं सांगितलं. म्हणजे अर्धं पोचलं की! आणि माझा मुद्दा तोच आहे, ताल असलेला शब्द अर्धा जरी पोचला तरी बाकीचा अर्धा माणूस स्वतः भरतो, कारण तो शब्द त्याच्या डोक्यात आधीपासून आहे. रानगप्पा हा नवीन जोडलेला शब्द, तो डोक्यात कुठं आहे? कानाला काय ऐकू येतं हे जेवढं महत्त्वाचं तेवढंच आत काय साठलेलं आहे हे पण महत्त्वाचं.

मिरजेचा रेडिओवाला
हे मान्य. माहितीचा शब्द कमी आवाजात पण ओळखू येतो. पण मग तो कुणाला माहितीचा, हे बघावं लागेल.

विट्याचा ट्रॅक्टरवाला
मला झुंजुमुंजू म्हंजे काय ते आत्ता वाचून कळलं 🙏 वय एकोणतीस. आम्ही पहाट म्हणतो नाहीतर सरळ पाच वाजता म्हणतो. माझ्या वयाच्या कुणाला विचारा, तोंडात येणार नाही तो शब्द. मित्राला सांगायचं झालं तर मी "ते सकाळचं शेतीचं" असंच म्हणणार.

पलूसचा मास्तर
मग रेडिओनं तो शब्द पुन्हा तोंडात आणून द्यावा की! रोज पहाटे ऐकला की महिन्याभरात सगळ्या पोरांना येईल. सामुदायिक रेडिओ आपल्या भागाची बोली जपण्यासाठी पण असतो, नुसता स्प्रे सांगायला नसतो.

तासगाव बागायतदार
मास्तर बोली कार्यक्रमात जपा ना, नावात कशाला परीक्षा घेता लोकांची.

आटपाडीचा डाळिंबवाला
मी पण एक नाव सुचवतो, आमच्या शेतकरी गटाचं नाव आम्ही मातृभूमी ठेवलं आणि कंपनी नोंदणीला गेलो तर ते आधीच कुणीतरी घेतलेलं होतं, मग पुढं गावाचं नाव जोडलं. तुमच्या केंद्राला नाव देताना नोंदणीचं आधी बघा, नायतर लय फिरावं लागतं.

खानापूरची ताई
दादा, केंद्राचं नाव ठरलंय आणि लायसनचं काम पण झालंय. हा फक्त पहाटेच्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाच्या नावाचा प्रश्न आहे.

आटपाडीचा डाळिंबवाला
अस्सं होय. मग ठीक. पण वेळ चुकलीय तुमची. आमच्याकडं आठवडाभर दिवसाची लाईट आणि आठवडाभर रात्रीची असते, रात्रीच्या पाळीत माणूस मोटर बंद करून पहाटे चार-साडेचारला घरी येऊन आडवा होतो, साडेपाचला त्याला काय ऐकवणार?

खानापूरची ताई
वेळेवर खूप बोलून झालंय दादा, रात्रीच्या पाळीवाल्यांसाठी दुपारी एकला पुन्हा लावणार आहोत. पण हा मुद्दा नावाला लागू पडतो बघा, दुपारी लागताना "झुंजुमुंजू" आणि "तांबडं फुटलं" विचित्र वाटेल ना? हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डेअरीवाला भाऊ
ते तर आहेच. तांबडं फुटलं वर अजून एक सांगतो. मी आज सकाळीच पाच-सहा जणांना तोंडी ऐकवलं, मशीन चालू असताना. दोघांनी बरोबर सांगितलं. एकानं "तांबडं फूल" सांगितलं. आणि एक सोयाबीनवाला म्हणाला "तांबेऱ्याचं काय सांगाय लागलाय?" त्याच्या रानात तांबेरा आलाय म्हणून त्याच्या कानात तेच बसलं. शेतकऱ्याच्या कानावर तां पडलं की पुढं तांबेरा येणारच, त्याला रोगाची बातमी वाटली.

पंचनाम्याचा पंच
बातमी वरनं आठवलं, नावात बातम्या, वार्ता असलं काही घालू नका. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात. हवामान, स्थानिक कार्यक्रम, पाणी लाईटच्या सूचना हे चालतं. नावात वार्ता असली की उद्या कुणीतरी बोट ठेवणार. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी शिवार वार्ता असं ठरलं होतं, शेवटी बदलावं लागलं.

मिरजेचा रेडिओवाला
बरोबर सांगितलंत. आणि वाणी, वाहिनी, तरंग हे पण टाळा, ते चांगले नाहीत म्हणून नव्हे. म्हसवडला माणदेशी तरंग आहे, जत तालुक्यात येरळावाणी आहे, बारामतीकडं पण वाहिन्या आहेत. ही केंद्रांची नावं आहेत. तुमच्या कार्यक्रमाच्या नावात वाणी आली की माणूस म्हणणार "दुसरं स्टेशन लागलं वाटतं". येरळावाणी हे नाव कानाला का बसतं बघा, नदीचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, आणि आ पण भरपूर आहेत.

आता मी कालपासनं ज्याचा विचार करतोय ते लिहितो. नाव ऐकू येणं हा एक भाग झाला. दुसरा भाग म्हणजे ते माणसाच्या तोंडात वाक्यात बसलं पाहिजे. शेतकरी शेजाऱ्याला नुसतं नाव सांगत नाही, तो म्हणतो "अमक्यात सांगितलंय आज फवारू नका". आता चारी नावं त्या वाक्यात घालून बघा. "झुंजुमुंजूत सांगितलं" चाललं. "कृषी संवादमध्ये सांगितलं" चाललं पण जड. "रानगप्पात सांगितलं" मस्त चाललं. आणि "तांबडं फुटलंमध्ये सांगितलं"? जीभ अडखळते. तांबडं फुटलं हे आख्खं वाक्य आहे, त्याला प्रत्यय लागत नाही. जे नाव वाक्यात बसत नाही ते माणूस बोलायचं टाळतो आणि "ते सकाळचं" म्हणून सोडून देतो, ट्रॅक्टरवाले दादांनी वर लिहिलंय तसं. मग नाव तोंडातोंडी पसरत नाही.

तासगाव बागायतदार
हे मात्र मला पटलं. धून माझ्या वडलांना ओळखू यायची पण धून काय शेजाऱ्याला सांगता येत नाही. तरी माझं म्हणणं हाय की रोज तीच धून, तीच वेळ आणि तोच आवाज पाहिजे, नावाआधी.

मिरजेचा रेडिओवाला
दोन्ही पाहिजे. धून घरातल्या माणसाला रेडिओजवळ आणते आणि नाव घराबाहेर जातं. फक्त एक, नाव धुनीवर गाऊन घेऊ नका. गाताना स्वर ताणले जातात, रान चं रा..न होतं आणि वर वाद्यं बसतात, मग शब्द कळत नाही. धून वाजू द्या, ती पूर्ण थांबू द्या, अर्धा क्षण शांत, आणि मग साध्या बोलीत नाव.

कवठेमहांकाळची वहिनी
मी घरातली बाजू सांगते. पहाटे धार काढायला आमच्याकडं बायकाच असतात आणि रेडिओला हात लावायला हात मोकळा नसतो, जे लागलंय ते ऐकतो. गप्पा म्हटलं की सासरे म्हणणार "गप्पा ऐकत बसलीस, धार आटोप". मला रानगप्पा आवडलंय पण गप्पा या शब्दाला घरात मान नाही. औषधाचं प्रमाण, किती लिटरला किती मिली, हे गप्पांत सांगितलेलं लोक खरं मानतील का?

खानापूरची ताई
वहिनी हीच शंका आमच्या समितीतल्या कृषी पदवीधरांना आहे, म्हणून ते कृषी संवादवर अडून बसलेत. त्यांचं म्हणणं आहे की डोस चुकीचा घेतला तर पीक जातं, तिथं नाव भारदस्त पाहिजे.

डेअरीवाला भाऊ
ताई मी उलट बघितलंय. भारदस्त नाव असलं की लोक मान डोलावतात आणि विसरतात. शेजारच्या रानातल्या माणसानं कट्ट्यावर सांगितलेलं औषध मात्र दुसऱ्या दिवशी पंपात असतं, बरोबर असो नाहीतर चूक. मग बरोबरची माहिती कट्ट्याच्या वाटेनं गेलेली काय वाईट?

कवठेमहांकाळची वहिनी
ते खरं आहे भाऊ, पण त्या वाटेनं चुकीची माहिती पण तशीच जाते ना. पुरुषांच्या कट्ट्याचं बोलताय तुम्ही, घरात माझ्या शब्दाला रेडिओचा आधार लागतो. "रेडिओवर सांगितलंय" म्हटलं की ऐकतात, "गप्पात सांगितलंय" म्हटलं तर हसतील. नाव निवडताना कोण कुणाला सांगणार आहे ते पण बघा.

जतची पोरगी
आमच्या जत पूर्व भागात घरात कन्नडच चालतं. आईला मराठी बाजारापुरती येते, तिला झुंजुमुंजू आणि तांबडं फुटलं दोन्ही सांगून बघितलं, काही कळलं नाही. रान मात्र कळतं, गप्पा पण कळतं. नाव ठेवताना कन्नडवाल्यांचा विचार करा एवढीच विनंती.

मिरजेचा रेडिओवाला
पोरी तुझा मुद्दा चांगला आहे पण खानापूर तालुक्यातल्या शंभर वॅटचा आवाज जत पूर्वला येणारच नाही. तरी तुझ्या आईची परीक्षा उपयोगाची आहे. ज्याला मराठी कमी येते त्याला जो शब्द पहिल्या झटक्यात कळतो तो शब्द झोपेतल्या, घाईतल्या, अर्धं लक्ष असलेल्या माणसाला पण कळतो.

पुण्यात राहणारा कडेगावकर
रान म्हणजे जंगल ना? पुण्यातल्या माझ्या ऑफिसमधल्या लोकांना रानगप्पा म्हटलं तर वाटेल वाघ बिबट्याचा कार्यक्रम आहे. शिवार का नाही? शिवारगप्पा?

विट्याचा ट्रॅक्टरवाला
दादा ऑफिसमधल्यांसाठी नाही हाय हा कार्यक्रम 😀 आपल्याकडं शेतात गेला असं कोण म्हणतं, रानात गेला असंच म्हणतात. "आप्पा कुठं गेल्यात?" "रानात." विषय संपला.

मिरजेचा रेडिओवाला
शिवारला कानाचं पण भांडण आहे, सुरुवातीलाच शि. खरखरीत श गेला की वारगप्पा राहतं. सुरुवातीचं अक्षर गेलं की माणूस पुढचं पकडू शकत नाही, मधलं गेलं तर एक वेळ चालतं.

पलूसचा मास्तर
आणि रानगप्पातला न कुठं राहतो? मी आज चौघांना फोनवर म्हणून दाखवलं, दोघांनी रामगप्पा लिहून पाठवलं. न आणि म मध्ये फोनवर फरकच कळत नाही. मग पुन्हा पहाटेचा रामाचा कार्यक्रम झाला, ऋषींवरनं रामावर आलात फक्त.

मिरजेचा रेडिओवाला
मास्तर, हा तुमचा मुद्दा आत्तापर्यंतचा सगळ्यात भारी आहे, आणि मी त्याच्यावर पुरतं उत्तर देऊ शकत नाही. न आणि म खरंच मिसळतात, त्यात फोनवर तर नक्कीच, कारण फोन वरची आणि खालची दोन्ही पट्टी कापतो. रेडिओवर थोडं कमी मिसळेल. एक उपाय आहे, नाव बोलताना रान आणि गप्पा यांत अगदी किंचित थांबायचं, म्हणजे न स्वतंत्र सुटतो, नाहीतर पुढच्या ग मुळं तो न नाकात ओढला जातो, रांगप्पा असा. पण निवेदक रोज ते पाळेल का हा प्रश्न राहतोच.

खानापूरची ताई
बापरे, आता सगळीच नावं जखमी झाली 🙂 काका मग ठरवायचं कसं? समितीत उद्या बैठक आहे आणि तिथं हात वर करून मतदान घ्यायचं चाललंय.

मिरजेचा रेडिओवाला
मतदान घेऊ नका. बैठकीत नाव फळ्यावर लिहिलेलं असतं, तिथं डोळे मत देतात. असं करा. तुमचा जो निवेदक रोज बोलणार आहे त्याच्याच आवाजात एकच वाक्य रेकॉर्ड करा, "उद्या पहाटे साडेपाचला ऐका" आणि मग नाव. नाव शेवटी, कारण वाक्यात शेवटी आलेलं जास्त राहतं. मागं संगीत नको. चारी नावांचं वाक्य तेच, फक्त नाव वेगळं.

मग डेअरीवाले भाऊंसारख्या चार संकलन केंद्रांवर जा, एका केंद्रावर एकच नाव. एकाच माणसाला चारी नावं ऐकवलीत की तो तुलना करायला लागतो आणि तुम्हाला खूश करायला काहीतरी निवडतो. बारक्या डब्यावर लावा, मशीन चालू असू दे, रांग हलत असू दे. एकदाच लावायचं. काही विचारायचं नाही, सांगायचं पण नाही की परीक्षा आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जायचं आणि त्याच माणसांना विचारायचं, "काल इथं काय लागलेलं, काय ऐकायला सांगितलं होतं?" नाव सुचवायचं नाही. तो जे म्हणेल ते जसंच्या तसं लिहायचं, बरोबर चूक असा टिक करायचा नाही. ऋषी म्हणाला तर ऋषी लिहा, तांबेरा म्हणाला तर तांबेरा. कारण चुकीचं ऐकलेलं नाव तुम्हाला सांगतं की नाव कुठं मोडतंय. पाच जणांनी पाच वेगवेगळ्या चुका केल्या तर ते आवाजाचं भांडण. पाचही जणांनी तीच चूक केली तर त्या नावाला दुसरा अर्थ आहे आणि तो तुमच्यापेक्षा जोरात बोलतोय, ते नाव सोडा. "आवडलं का" हे अजिबात विचारू नका, ताई विचारतेय म्हटल्यावर सगळे हो म्हणणार.

तासगाव बागायतदार
आणि एक दिवस नाही, आठवड्यानं परत विचारा. दुसऱ्या दिवशी तर कालची भाजी पण आठवते.

पंचनाम्याचा पंच
चार केंद्रांवरची माणसं वेगळी, एका ठिकाणी म्हातारी जास्त, एका ठिकाणी पोरं, मग तुलना कशी होणार? कृषी संवाद म्हाताऱ्यांच्या केंद्रावर गेलं तर ते हरणारच.

मिरजेचा रेडिओवाला
त्यासाठी दुसऱ्या आठवड्यात नावं फिरवा, पहिल्या केंद्राचं नाव दुसऱ्याला. अगदी शास्त्रीय नाही होणार, पण फळ्यावरच्या मतदानापेक्षा कितीतरी बरं.

कवठेमहांकाळची वहिनी
संकलनावर दूध घालायला पुरुष आणि पोरं येतात. धार काढणारी घरीच असते. तिला कुठं ऐकवणार?

खानापूरची ताई
वहिनी हे खरंच राहून गेलं असतं. आमच्यात बचत गटाच्या दोघी आहेत, त्या चार वस्त्यांवर पहाटे गोठ्यात जाऊन ऐकवतील असं बघते. समितीला मी आजच सांगते की मतदान दोन आठवडे पुढं ढकला. चारातलं कृषी संवाद मात्र मी माझ्याकडनं काढायला सांगणार आहे, पदवीधर मंडळी रागावली तर रागावली, भाऊंच्या त्या चपलेच्या गोष्टीवर त्यांच्याकडं काही उत्तर असेल असं वाटत नाही.

पलूसचा मास्तर
झुंजुमुंजू ठेवा चाचणीत. आणि वस्तीवरच्या बायकांना ऐकवणार असाल तर सांगतो, तिथं ते जिंकणार. तो शब्द त्यांच्याच तोंडी जिवंत आहे.

विट्याचा ट्रॅक्टरवाला
आणि ट्रॅक्टरवर पण एकदा ऐकवा, पाचटात रोटर चालू असताना. मी देतो गाडी, पेठेच्या रानात या कधी पण.

कवठेमहांकाळची वहिनी
ताई, गप्पा शब्दाचं मात्र चाचणीत कळणार नाही. लक्षात राहील, पण घरात मान मिळेल का ते महिनाभर कार्यक्रम चालल्यावरच कळेल. समितीला हे वेगळं विचारा.

खानापूरची ताई
हो, ते वेगळं लिहून घेतलंय वहिनी. रानगप्पाच आलं पुढं तर डोसचा भाग कार्यक्रमात वेगळा काढून तो रोज एकाच कृषी सहायकाच्या आवाजात, दोनदा सांगायचा, असं एकीनं सुचवलंय. त्यानं भागेल का नाही ते मला अजून सांगता येत नाही. भाऊ, सोमवारी पहाटे तुमच्या केंद्रावर येऊ का? कुठलं नाव घेऊन येणार ते तुम्हाला पण सांगणार नाही.

डेअरीवाला भाऊ
या की. पावणेसहाला रांग मोठी असते, तेव्हाच या. डबा माझ्याकडचाच घ्या, त्याचा स्पीकर फाटलेला आहे, निम्म्या गोठ्यांत तसलेच आहेत.